गिधाडावर रोखलेला बाण

लहानपणी ऐकलेल्या रामायणात जटायूची गोष्ट फार छोटी होती. रावण सीतेला पळवतो, जटायू आडवा येतो, रावण त्याचे पंख कापतो, मग राम येतो आणि जटायू सगळं सांगून त्याच्या मांडीवर प्राण सोडतो. एवढंच. मला ते पुरेसं होतं, मी दर वेळी रडायचे. मोठी झाल्यावर कधीतरी वाल्मीकींचं अरण्यकांड नीट, सर्गामागून सर्ग असं वाचायला घेतलं आणि सदुसष्टाव्या सर्गात एकदम थांबले, कारण तिथे जे होतं ते मला कोणीच सांगितलं नव्हतं.

तिथे राम जटायूवर बाण रोखतो.

म्हणजे होतं असं की सीतेला शोधत दोघं भाऊ फिरतायत, आणि पुढे डोंगराएवढा एक पक्षी रक्ताने माखून पडलेला दिसतो. राम लक्ष्मणाला म्हणतो, यानेच सीतेला खाल्लं, शंकाच नको, हा गिधाडाच्या रूपातला राक्षस आहे, पोट भरून आता आरामात पडलाय, याला मी मारतो. आणि धनुष्याला बाण लावून रागारागाने त्याच्याकडे धावतो. ज्याने तिच्यासाठी जीव दिला त्याच्याच अंगावरचं रक्त हा त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरतो. मी ते पान किती वेळा परत वाचलं असेल.

आपण सगळे गृहीत धरतो ना की महाकाव्यातले प्राणी म्हणजे विश्वासाचं दुसरं नाव, घोडा कधी फसवत नाही, पक्षी कधी खोटं बोलत नाही, आणि म्हणून नायक डोळे मिटून त्यांच्यावर भरवसा ठेवतो. मीही तसंच धरून चालले होते. पण मूळ गोष्टी वाचायला लागल्यावर मला उलटंच दिसायला लागलं. नायक विश्वास ठेवतच नाही. निदान आधी तरी नाही. तो संशय घेतो, ओरडतो, धमकी देतो, बाण रोखतो, आणि प्राणी तरीही आपलं काम करत राहतो. विश्वास जो बसतो तो आपला बसतो, वाचणाऱ्यांचा, कारण आपण ते सगळं बघत असतो आणि नायक बघत नसतो, तो कुठेतरी लांब असतो नाहीतर झोपलेला असतो.

जटायूवर तर संशय दोनदा घेतला गेलाय. पहिल्यांदा पंचवटीच्या वाटेवर, चौदाव्या सर्गात. राम, लक्ष्मण, सीता चाललेत, वाटेत हा प्रचंड पक्षी बसलेला, दोघा भावांना वाटतं राक्षसच आहे, आणि ते विचारतात, तू कोण. जटायू चिडत नाही. अगदी गोड आवाजात म्हणतो, बाळा, मी तुझ्या वडलांचा मित्र. बास, दशरथाचं नाव आल्यावर राम लगेच त्याला मान देतो. मग जटायू स्वतःची सगळी वंशावळ सांगतो, आणि शेवटी एक गोष्ट बोलतो जी पुढचं सगळं ठरवते, की तू आणि लक्ष्मण बाहेर गेलात तर सीतेवर मी लक्ष ठेवीन. कोणी मागितलेलं नाही त्याच्याकडे. बदल्यात त्यालाही काही नकोय.

हे बदल्यात काही नको प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं, कारण त्याच काव्यात दुसऱ्या टोकाला सुग्रीव आहे. तोही माणूस नाही, वानर आहे, तोही रामाच्या बाजूने लढतो, पण त्या मैत्रीची सुरुवातच भीतीने होते, हे दोघं वालीने पाठवलेले असतील म्हणून तो हनुमानाला वेष बदलून चौकशीला पाठवतो, मग अग्नीच्या साक्षीने मैत्री होते आणि त्यानंतरसुद्धा तो रामाची परीक्षा घेतो, दुंदुभी राक्षसाचा सांगाडा उचलून फेकायला लावतो, एका बाणात सात साल वृक्ष पार होताना बघतो, तेव्हा कुठे त्याला पटतं. तू माझं राज्य मिळवून दे, मी तुझी बायको शोधतो. आणि राज्य मिळाल्यावर पावसाळा संपून जातो तरी हा बाहेर पडत नाही, शेवटी लक्ष्मण संतापून दारात येतो तेव्हा हालचाल सुरू होते. मी सुग्रीवाला वाईट म्हणत नाहीये, तो राजा आहे, राजे असेच वागतात. पण त्याची मैत्री हा करार आहे आणि करार म्हटला की परीक्षा आली, उशीर आला, आठवण करून देणं आलं. जटायूचा करार कुणाशीच नाही. म्हातारपणात आपल्या मित्राच्या सुनेवर लक्ष ठेवायचं एवढं त्याने स्वतःहून अंगावर घेतलेलं काम.

आणि ते काम येतं तेव्हा तो झोपलेला असतो, हे मला खूप आवडतं. सीतेला तो एका झाडावर दिसतो, ती हाक मारते, आणि त्या हाकेने त्याला जाग येते. उठल्या उठल्या तो झेप घेत नाही. आधी बोलतो. रावणाला समजावतो, राजा असून परस्त्रीला हात लावतोस, जे ओझं पेलवणार नाही ते उचलू नये, जे पचणार नाही ते खाऊ नये. आणि मग आपली बाजू किती कमजोर आहे ते स्वतःच मोजून दाखवतो, मला जन्मून साठ हजार वर्षं झाली रावणा, तू तरुण आहेस, तुझ्याकडे धनुष्य आहे, बाण आहेत, चिलखत आहे, रथ आहे, तरी माझ्या देखत तू हिला सुखरूप घेऊन जाणार नाहीस. हरणार हे त्याला जवळजवळ माहीत आहे असं मला ते वाचताना वाटतं.

पुढची लढाई वाल्मीकींनी अगदी बारकाईने लिहिलीय आणि तिच्यातला क्रम बघण्यासारखा आहे. रावण लांबून बाण मारतो, जटायूचं शस्त्र म्हणजे नखं आणि चोच, म्हणजे त्याला जवळ जायलाच हवं, आणि जवळ जायचं म्हणजे बाण अंगावर घेत जायचं. तो घेतो. पायांनी रावणाचं धनुष्य मोडतो. रावण दुसरं उचलतो, बाणांचा इतका वर्षाव करतो की जटायू घरट्यात बसलेल्या पक्ष्यासारखा दिसायला लागतो, तो पंखांनी ते सगळे बाण झटकून टाकतो आणि दुसरं धनुष्यही मोडतो. मग चिलखत. मग रथाला जुंपलेली पिशाच्चासारख्या तोंडाची गाढवं मारतो, रथ मोडतो, छत्र पाडतो, सारथ्याचं डोकं चोचीने उडवतो. रावण सीतेला मांडीवर घेऊन जमिनीवर पडतो. म्हणजे एका म्हाताऱ्या गिधाडाने त्या त्रैलोक्याला घाबरवणाऱ्या माणसाचं सगळं सामान एक एक करून काढून घेतलं, आता त्याच्या हातात फक्त तलवार उरली. इथे जटायू दमतो. वय. रावणाच्या ते लक्षात येतं, तो सीतेला घेऊन उडतो, जटायू परत मागे लागतो, त्याच्या पाठीवर बसतो, नखांनी ओरबाडतो, केस उपटतो, डावे दहा हात तोडतो. शेवटी रावण सीतेला खाली ठेवतो, आधी बुक्क्या आणि लाथा, मग तलवार काढून पंख, पाय, कुशी कापतो. सीता धावत जाऊन त्याला मिठी मारते, आपल्या घरचं कोणी पडावं तशी.

या सगळ्या गोष्टींचा पुढे पुरावा होतो, म्हणून एवढं सांगितलं. चौसष्टाव्या सर्गात राम-लक्ष्मण त्या जागेवर येतात तेव्हा तिथे मोडलेलं धनुष्य पडलंय, चिलखताचे तुकडे, छत्र, मेलेली गाढवं, सारथी. राम इतका भडकतो की सगळी सृष्टी संपवायची भाषा करतो. आणि लक्ष्मण, जो एरवी रागीट म्हणून ओळखला जातो, तो शांतपणे जमीन वाचतो. खुरांच्या आणि चाकांच्या खुणा आहेत, रक्त सांडलंय, म्हणजे भयंकर लढाई झालीय, पण म्हणतो हे एकाच रथवाल्याचं दिसतंय, दोघांचं नाही, आणि मोठ्या सैन्याच्या पावलांच्या खुणाही नाहीत. बरोबर आहे त्याचं. दुसरा योद्धा होता पण त्याच्या पावलांचे ठसे उमटणार कुठून, तो हवेतून लढत होता! लक्ष्मणाच्या एवढ्या चांगल्या निरीक्षणात जटायू सापडत नाही कारण दुसरा लढणारा पक्षी असेल असं कोणाच्या डोक्यातच येत नाही. आणि मग थोडं पुढे गेल्यावर तो पक्षी प्रत्यक्ष दिसतो तेव्हा ते त्याला गुन्हेगार समजतात.

आता इथे मला दुसरीकडे जावंसं वाटतं, फिरदौसीच्या शाहनाम्यात, म्हणजे इराणच्या महाकाव्यात, जे इ.स. 1010 च्या सुमाराला पुरं झालं. तिथे रुस्तुम या वीराचा घोडा आहे, रख्श. रुस्तुम माझंदरानच्या वाटेवर सात संकटांतून जातो, त्यातलं पहिलं संकट रुस्तुमला कळतही नाही कारण तो झोपलेला असतो. सिंह येतो, रख्श पुढच्या खुरांनी त्याचं डोकं फोडतो, दातांनी पाठ धरतो आणि फाडून टाकतो. रुस्तुम उठतो, मेलेला सिंह बघतो, आणि काय म्हणतो? सिंहाशी लढायला तुला कोणी सांगितलं? तू मेला असतास तर हे शिरस्त्राण, ही गदा, हे धनुष्य मी माझंदरानपर्यंत कसं नेलं असतं? मला उठवायचं. मला पहिल्यांदा वाचताना रागच आला त्याचा. नंतर वाटलं त्यात काळजीही असेल, पण तोंडातून निघालं ते ओझ्याचंच.

बरं, रख्श ते ऐकतो. तिसऱ्या संकटात रात्री अजगरासारखा मोठा सर्पराक्षस येतो तेव्हा तो सांगितल्याप्रमाणे रुस्तुमला उठवतो, खिंकाळतो, खूर आपटतो. रुस्तुम उठतो तोवर तो राक्षस अंधारात नाहीसा. रुस्तुम चिडतो. परत झोपतो, परत राक्षस येतो, परत रख्श उठवतो, परत काहीच दिसत नाही, आणि आता रुस्तुम म्हणतो की पुन्हा असं केलंस तर तलवारीने तुझा गळा कापीन आणि सगळं ओझं घेऊन पायी जाईन. तिसऱ्यांदा तो राक्षस येतो तेव्हा रख्श दोन भीतींच्या मधे सापडलेला आहे, पुढे राक्षस आणि इकडे धन्याची तलवार. आणि तो धन्याकडेच धावतो. या वेळी रुस्तुमला एकदाचं दिसतं आणि लढाई जुंपते, रुस्तुम कमी पडतोय असं दिसल्यावर रख्श कान पाडून पुढे येतो, राक्षसाच्या खांद्याचा लचका तोडतो, मग रुस्तुम डोकं उडवतो.

जटायू बोलू शकतो, रख्श नाही. जो बोलतो त्याची साक्ष तपासता येते, तू कोण, कुणाचा, हे रक्त कशाचं, तो उत्तर देतो. मुक्या प्राण्याला खोटं बोलता येत नाही हे खरं, पण त्याला समजावूनही सांगता येत नाही, तो फक्त तेच ते परत करू शकतो, परत खिंकाळायचं, परत खूर आपटायचा, आणि समोरच्याने तिसऱ्यांदा तरी बघावं.

आमच्याकडे एक कुत्रा होता, बारा वर्षं जगला. एकदा संध्याकाळी फिरायला गेलो असताना रोजच्याच वाटेवर मधेच तो थांबला, चारही पाय रोवून, मान खाली घालून नुसता जमीन हुंगत राहिला. मी घाईत होते, पट्टा ओढला, ओरडले, तो मागे मागे सरकायला लागला, मी अजून जोरात ओढला आणि एक पाऊल पुढे टाकलं तर चपलेचा पुढचा भाग अधांतरी होता. दिवसभरात कोणीतरी चर खणून ठेवला होता, भोवती काही लावलेलं नाही, अंधारात काळ्यावर काळं. त्याला माती ओली खणल्याचा वास आला असणार. मला वाचवायचं असं त्याच्या मनात होतं की फक्त नवीन वासाला तो बिचकला होता हे मला सांगता येणार नाही, आणि मी ते उगाच ठरवतही नाही. पण मी त्याला ओढलं होतं आणि ओरडले होते ते मला पक्कं आठवतं.

रुस्तुमच्या शेवटाशी हेच आहे, म्हणून सांगितलं. शघाद हा त्याचा सावत्र भाऊ, काबूलच्या राजाशी संगनमत करून शिकारीच्या रानात खड्डे खणतो, तळाशी भाले आणि तलवारी उभ्या रोवतो, वरून झाकतो, आणि भावाला प्रेमाने शिकारीला बोलावतो. रुस्तुम जातो. भावावर संशय घ्यायचं त्याला काही कारणच वाटत नाही. रख्शला ताज्या मातीचा वास येतो. तो अंग आक्रसतो, जमिनीवर खूर मारतो, दोन खड्ड्यांच्या मधून जपून जपून पाय टाकतो. आणि रुस्तुमला राग येतो, तो त्याला चाबूक मारतो. तेवढ्या एका फटक्याने रख्श पुढे जातो आणि दोघं खड्ड्यात. भावाच्या शब्दावर विश्वास, घोड्याच्या पायांवर नाही. फिरदौसी या दोन्ही गोष्टी इतक्या शेजारी शेजारी ठेवतो की वाचणाऱ्याला त्या वेगळ्या करता येत नाहीत.

इलियड या ग्रीक महाकाव्यातही असं एक ठिकाण आहे, एकोणिसाव्या सर्गाच्या अगदी शेवटी. अकिलीस रथावर चढताना आपल्या घोड्यांना टोमणा मारतो, माझ्या मित्राला, पॅट्रोक्लसला तिकडे मेलेला सोडून आलात, मला तरी नीट परत आणा. हेच ते घोडे जे पॅट्रोक्लससाठी मान खाली घालून रडले होते, जागचे हलत नव्हते. तेव्हा हेरा देवी त्यातल्या एकाला, झॅन्थॉसला, वाचा देते आणि तो म्हणतो की आज तुला आम्ही वाचवू, पण तुझा मरणाचा दिवस जवळ आलाय आणि तो आमचा दोष नाही, आमच्या आळसाने पॅट्रोक्लस गेला नाही. घोड्याला एकदाच बोलायला मिळतं आणि त्यात त्याला आपल्यावरचा आरोप खोडून काढावा लागतो, आणि तेवढं झालं की लगेच त्याचा आवाज काढून घेतला जातो.

म्हणून मला ते साधं उत्तर पटत नाही की प्राणी निष्पाप असतात म्हणून त्यांच्यावर विश्वास. कवींना माहीत होतं की निष्ठा जिथे आधीच मान्य आहे तिथे ती दिसत नाही. ती दिसते जेव्हा समोरचा ती ओळखत नाही आणि तरी ती तशीच राहते. माणसाच्या बाबतीत असं दाखवायला गेलं की शंका येतेच, याला पुढे काहीतरी मिळणार असेल, नाव होणार असेल, राज्य मिळेल. बिभीषण शरण आला तेव्हा रामाच्या छावणीत केवढी चर्चा झाली, सुग्रीव म्हणाला हेर असेल, मारून टाका, आणि ती शंका काही मूर्खपणाची नव्हती. गिधाडाला किंवा घोड्याला सिंहासन देऊन काय करणार? आणि कापलेले पंख ही अशी गोष्ट आहे की कोणी फायद्यासाठी ती करून घेत नाही.

थायलंडच्या रामाकियनमधे हा पक्षी सदायु नावाने येतो आणि तिथे त्याची चूक दाखवलीय, तो लढता लढता बढाई मारतो की मी सीतेच्या बोटातल्या अंगठीशिवाय फारशा कशालाच भीत नाही, झालं, तोसाकान म्हणजे रावण तीच अंगठी काढून फेकतो आणि पंख मोडतात. मला वाल्मीकींचा जटायू जास्त जवळचा वाटतो, तो चुकून हरत नाही, तो म्हातारा झालाय म्हणून हरतो.

तर तो रोखलेला बाण. जटायू तोंडातून फेसाळ रक्त ओकत रामाला सांगतो, जिला तू या रानात औषधीसारखी शोधतोयस तिला आणि माझ्या प्राणांना, दोन्हींना रावणाने नेलं. हे बघ त्याचं मोडलेलं धनुष्य, हा रथ, हा सारथी. राक्षसाने आधीच मारलेल्याला तू परत मारू नकोस. राम धनुष्य टाकून देतो, त्याला मिठी मारतो, जमिनीवर पडून रडतो. नंतर लक्ष्मणाला म्हणतो की चांगले, शूर, आधार देणारे सगळीकडे असतात, पशुपक्ष्यांच्या जन्मातसुद्धा, आणि सीता गेल्याचंही मला एवढं दुःख झालं नाही जेवढं माझ्यासाठी हा गेला त्याचं होतंय. वडलांसारखाच मला हा पूज्य आहे म्हणून त्याला अग्नी देतो, पिंड देतो, गोदावरीवर जाऊन पाणी देतो. दशरथाच्या अंत्यसंस्काराला राम नव्हता, हे आठवून वाचलं की त्या चितेचा अर्थ बदलतो.

पण त्याच्या आधी, जटायू अजून जिवंत असताना, राम विचारतो की रावण दिसतो कसा, राहतो कुठे. जटायू सांगतो दक्षिणेला गेला, विंद नावाच्या मुहूर्तावर नेलं, त्या मुहूर्तावर गेलेली वस्तू धन्याला लवकर परत मिळते, काळजी करू नकोस. मग म्हणतो, विश्रव्याचा मुलगा, कुबेराचा भाऊ, आणि तिथेच संपतो. राहतो कुठे ते सांगायचं राहूनच जातं. मघाशी बाण रोखलेला राम आता हात जोडून म्हणतोय, बोल, बोल.

तो पत्ता मिळायला पुढे अख्खं किष्किंधाकांड जावं लागतं. समुद्राच्या काठावर अंगद आणि त्याचे वानर हरून, मरायचं ठरवून उपाशी बसलेत, आणि डोंगराच्या गुहेतून एक पंख जळालेलं म्हातारं गिधाड बाहेर येतं, इतक्या दिवसांनी खाणं चालून आलं म्हणून खूश होऊन. या वेळी संशय खरा आहे, तो खरंच त्यांना खायला आलाय. घाबरलेला अंगद हनुमानाशी बोलता बोलता म्हणतो की जटायू तरी बरा, रामाच्या कामी आला. म्हातारा थबकतो. कोण घेतंय माझ्या भावाचं नाव? तो संपाती, लहानपणी सूर्याकडे उडताना धाकट्या जटायूवर पंख धरले म्हणून ज्याचे पंख जळाले तो. त्याला धरून खाली आणतात, तो सगळं ऐकतो, रडतो, आणि मग सांगायला लागतो, आणि वाल्मीकींनी त्याच्या तोंडी तीच ओळ घातलीय, शब्द न् शब्द तीच, विश्रव्याचा मुलगा, कुबेराचा भाऊ, आणि या वेळी ती पुढे जाते, लंका नावाच्या नगरीत राहतो, इथून शंभर योजनं, समुद्रातल्या बेटावर.